पाचशे चाळीस मीटरची नळी

माझ्या नोट्स जिल्हाभर चालतात हे मी फार वर्षं मिरवलं. जिंतूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवता शिकवता केस पांढरे झाले, पण बाहेर माझं जे काही थोडं नाव आहे ते शिकवण्यामुळं नाही, त्या नोट्समुळं आहे. सोनपेठच्या झेरॉक्सच्या दुकानातसुद्धा त्या मिळायच्या. पहिल्या पानावरचं माझं नाव कुणीतरी कधीच कापून टाकलेलं होतं, तरी अक्षर माझं, आकृत्या माझ्या. एकदा तिथल्या दुकानदारानं मलाच त्या विकायला काढल्या आणि वर सांगितलं, "घ्या सर, ह्याच्यातूनच पेपर येतो." घरी येऊन मी ही गोष्ट बायकोला दोनदा सांगितली. दुसऱ्यांदा ती म्हणाली की ऐकली आहे.

पेपर त्यातून येतो हे खरंच होतं. पेपर काढणारे प्राध्यापकही त्याच नोट्सवर शिकलेले किंवा शिकवणारे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सापेक्षतेचं एक प्रकरण आहे. पोरं त्याला भितात. वेगानं जाणाऱ्या वस्तूचं घड्याळ आपल्या घड्याळानं मोजलं तर मंद चालतं, आणि तिची लांबी आपल्या मापानं मोजली तर आखडते, हे वाक्य पोरं पाठ करतात, पण विश्वास ठेवत नाहीत. पेपर इंग्रजीत, शिकवणं मराठीत, आणि गणित आलं की दोन्ही भाषा बंद. म्हणून मी त्यांच्यासाठी एक गणित बेतलं होतं, आकृतीसकट.

आकृतीत एक लांब आडवी नळी. डावं टोक अ, उजवं टोक ब. अ पाशी एक ठिपका, म्हणजे कण, आणि त्याला बाण: प्रकाशाच्या साठ टक्के वेग. नळीखाली दोन्हीकडं टोकं असलेला बाण, त्यावर ५४० मीटर. नळीच्या बाजूला हातात घड्याळ घेतलेला एक माणूस, तो जमिनीवर उभा. कणाचं आयुष्य त्याच्या स्वतःच्या घड्याळानं बरोबर दोन मायक्रोसेकंद समजा, ते संपलं की कण नष्ट होतो. प्रश्न एवढाच: कण ब पर्यंत पोहोचेल का?

मूळ गणित एका जुन्या पुस्तकातलं. तिथं नळी ४२० मीटरची होती आणि ते दोनदा सोडवलेलं होतं, एकदा जमिनीवरच्या माणसाच्या बाजूनं आणि एकदा कणाच्या बाजूनं. मला वाटलं, पाच मार्कांच्या गणिताला पोरांनी दोन-दोन वेळा कशाला लिहीत बसायचं. मी दोन्ही पद्धती एकीत बसवल्या. वेग साठ टक्के असला की आठ दशांशचा गुणक येतो. पायरी एक: कणाचं आयुष्य आपल्याला ताणलेलं मिळतं, दोन भागिले आठ दशांश, अडीच मायक्रोसेकंद. पायरी दोन: तेवढ्यात तो ४५० मीटर जातो. पायरी तीन: नळी आखडते, ५४० चे ४३२ होतात. साडेचारशे हे चारशे बत्तीसहून जास्त, म्हणून पोहोचतो. खाली दोन रेघा. ४२० चे ५४० मीच केले होते, उत्तर कसं अगदी थोडक्यात जमतं ते दिसावं म्हणून. काळ ताणणं आणि लांबी आखडणं दोन्ही एकाच गणितात, चार ओळींत. या चार ओळींवर मी खूश होतो.

गेल्या उन्हाळी परीक्षेत हे गणित जसंच्या तसं आलं. आकृतीतला घड्याळवाला माणूससुद्धा आला. पेपर मी काढला नव्हता, पण पेपर हातात पडल्यावर मला पाहुण्याच्या घरी आपलंच भांडं दिसल्यासारखं वाटलं.

निकालानंतर एक मुलगी माझ्याकडं आली. ती बोरीची, रोज एसटीनं यायची, तिसऱ्या बाकावर खिडकीकडं बसायची. फारशी बोलत नसे. तिसरं वर्ष ती चांगल्या मार्कांनी सुटली होती, पण दुसऱ्या वर्षाचा हा एक पेपर आजारपणात राहिला होता आणि तो तिनं आता दिला होता. परभणीला एम.एस्सी.च्या यादीत तिचं नाव लागलेलं होतं. सगळे पेपर सुटल्याचा मार्क मेमो दाखवला तर प्रवेश, नाही तर जागा पुढच्याला. या पेपरात तिला सतरा होते. पास व्हायला वीस लागतात.

तिनं उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवली होती. आमच्याकडं पुनर्मूल्यांकनाच्या अर्जावर विषय शिकवणाऱ्याचा अभिप्राय लागतो. फेरतपासणीत मार्क वाढण्यासारखे आहेत, असं त्यानं लिहून सही करायची. ते नसलं तर खिडकीवरचा कारकून अर्ज आतही घेत नाही. मुदत तीन दिवसांची उरली होती.

मी प्रत घेतली. नळीच्या गणितावर पाचपैकी एक होता. तिनं त्या एका गणिताला दीड पान घातलं होतं, त्यामुळं शेवटचा प्रश्न अर्धाच राहिलेला. मला त्याचाच आधी राग आला. आणि वर तिनं आकृती दोनदा काढली होती. पहिल्या आकृतीत नळी ५४०, माणूस उभा, कण पळतोय. दुसरीत कण मधोमध थांबलेला, आणि त्याच्या अंगावरून ४३२ मीटरची आखूड नळी उलट दिशेनं पळतेय. घड्याळ पहिल्या आकृतीत माणसाच्या हातात, दुसऱ्या आकृतीत कणाशेजारी. दोन्हींखाली तिचं उत्तर एकच: पोहोचत नाही.

मी तिला म्हणालो की उत्तरच उलटं आलंय, एक मार्क मिळाला तो आकृतीचा, त्यात काय वाढवायचं. ती माझ्या नोट्सचं पान घेऊन आली होती. ते तिनं माझ्यासमोर ठेवलं, नळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "सर, हे चित्र कुणाचं धरायचं? जमिनीवरच्याचं का कणाचं?"

चित्र चित्र असतं, असं काहीतरी मी म्हणालो. मग ती हळूच म्हणाली की साडेचारशे मीटर माणसाच्या मापाचे आणि चारशे बत्तीस कणाच्या मापाचे, ते एकमेकांशी कसे लावायचे. खरं सांगायचं तर मी ते ऐकलं नाही. माझ्या कानापर्यंत एवढंच आलं की आमच्याच वर्गातली पोरगी माझ्या नोट्सवर बोट ठेवतेय, आणि तेही स्टाफरूममध्ये, केमिस्ट्रीचे दोघं समोर चहा पीत असताना. मी जरा चढ्या आवाजात म्हणालो, की हे गणित मी वीस वर्षं शिकवतोय, तपासणाऱ्यांनी तपासलंय, मॉडेल उत्तर हेच आहे. जी शंका परीक्षेच्या आधी विचारायची ती नापास झाल्यावर विचारायची नसते. अभिप्रायाच्या रकान्यात मी 'वाव नाही' असं लिहिलं. सही केली. ती 'बरं सर' म्हणाली, अर्ज घेतला, आणि छायाप्रत माझ्या टेबलावर विसरून गेली. विसरली, की मुद्दाम ठेवली, हे मला अजून कळलेलं नाही. मी तिला कधी विचारलं नाही.

ती प्रत आठवडाभर टेबलावर पडून होती. एक दिवस दुपारी पाऊस लागून राहिला, वर्गात कुणी आलं नाही, म्हणून मी नव्या वर्षाची चाचणी काढायला बसलो. तेच गणित, फक्त लांबी बदलून द्यावी असा विचार. तिची दुसरी आकृती समोरच होती. सहज म्हणून मी कणाच्या बाजूनं भागाकार केला. ४३२ मीटरची नळी त्याच्या अंगावरून जायची, वेग तोच, सेकंदाला अठरा कोटी मीटर. नळी पूर्ण सरकायला दोन पूर्णांक चार दशांश मायक्रोसेकंद लागतात. आणि त्याच्यापाशी दोनच आहेत.

मी तो भागाकार पुन्हा केला. मग माणसाच्या बाजूनं केला. त्याच्या मापानं नळी ५४० मीटरचीच, ती कुठंही आखडलेली नाही, कारण ती त्याच्यासमोर स्थिर पडलेली आहे. पार करायला तीन मायक्रोसेकंद लागतात, आणि कण त्याच्या घड्याळानं जगतो अडीच. नव्वद मीटर आधीच संपतो. दोन्ही बाजूंनी विचारा, कण पोहोचत नाही. माणूस म्हणतो काळ ताणला गेला तरी पुरला नाही, कण म्हणतो नळी आखडली तरी पुरली नाही. दोघांची कारणं वेगळी, घटना एकच. मी काय केलं होतं, तर ताणलेला काळ माणसाकडून घेतला, आखडलेली नळी कणाकडून घेतली, आणि एकाच घटनेला दोन्ही सवलती दिल्या. एकाच्या गजानं कापड मोजायचं आणि दुसऱ्याच्या गजानं सदरा बेतायचा, तसला प्रकार. पुस्तकातले ४२० तसेच ठेवले असते तर ही चूक झाकून राहिली असती, कारण ४२० असले तर कण खरोखरच पोहोचतो. ५४० मी केले, आणि ते चुकीच्या पद्धतीनंच हिशेब करून केले. तो आकडा 'थोडक्यात जमणारा' वाटला कारण तो मी जमवला होता.

वीस वर्षं. दरवर्षी पन्नास-साठ पोरं. मुदत संपून चार दिवस झाले होते.

मी प्राचार्यांकडं गेलो. त्यांचा विषय इतिहास, तेव्हा त्यांना नळी समजावण्यात अर्थ नव्हता. चूक माझ्या नोट्समध्ये आहे आणि मॉडेल उत्तर तिथूनच उचललेलं आहे, एवढं सांगितलं. ते मला खुर्ची देऊन, दार लावून बोलले, म्हणजे वाईट बोलले नाहीत. म्हणाले की निकाल जाहीर झालाय, आता विद्यापीठाला लिहिलं तर सगळ्या जिल्ह्याच्या उत्तरपत्रिका पुन्हा काढाव्या लागतील, पेपर काढणारा अडचणीत येईल, कॉलेजचं नाव येईल, आणि तुमची निवृत्ती दीड वर्षावर आली आहे. विचार करा, म्हणाले. मी विचार करतो म्हणालो. बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं की मला बरं वाटतंय, आणि त्याची मला लाज वाटली. पण बरं वाटत होतं हे खरं.

पुढच्या रविवारी मी बोरीला गेलो. एसटीत बसून मी वाक्यं जुळवत होतो. तिचं घर बसस्थानकापासून फार लांब नव्हतं. तिची आई आशा सेविका, कुणाच्या तरी बाळंतपणासाठी बाहेर पडायच्या तयारीत होती. मला बघून ती गडबडली. "या सर, बसा. पोरगी आतच हाय," म्हणाली. तिला वाटलं मी काहीतरी मार्ग घेऊन आलोय. एवढ्या लांब एक प्राध्यापक रविवारी उगीच कशाला येईल. पाणी दिलं, पोरीला हाक मारली, आणि बाहेर जायचं सोडून दारातच थांबली.

मी मुलीला सांगितलं की तिचं उत्तर बरोबर होतं. दोन्ही आकृत्या बरोबर होत्या. माझी पद्धत चुकीची, मॉडेल उत्तर चुकीचं, तिला पाचपैकी पाच मिळायला हवे होते. माझं बोलणं मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर संपलं. आईनं विचारलं, मग आता पास होईल का. मी म्हणालो, मुदत गेली. आईनं पदर तोंडाशी धरला आणि बाळंतपणाला निघून गेली.

मुलगी रडेल असं मला वाटलं होतं. मी तयारीही तीच केली होती. ती उभीच होती, हातात धुणं वाळत घालायची दोरी होती, ती गुंडाळत होती.

"मला म्हाईत होतं सर," ती म्हणाली. "बरोबर हाय का चूक हे विचारायला मी आलेच नव्हते. मला कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे होतं."

मग तिनं विचारलं की हे तिकडं विद्यापीठाला कळवलं का. मी म्हणालो, कळवणार आहे. परभणीची जागा तर गेलीच, ती म्हणाली, पण हिवाळी परीक्षा आहे, ती मी देणार, बाकीचेही देणार. ज्यांनी 'पोहोचत नाही' लिहिलं असे आणखीही कुणी असतील. मी मान हलवली. तिनं चहा केला. चहा चांगला होता. निघताना ती फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "तुमी मला सांगायला आलात सर. ते तिकडं सांगायचं होतं."

हे बोलताना तिच्या आवाजात जरासुद्धा उद्धटपणा नव्हता. नळीकडं बोट दाखवताना जो आवाज होता तोच हा.

मी विद्यापीठाला अर्ज लिहिला. दोन पानी, आकृत्यांसकट, इंग्रजीत. तो माझ्या कपाटात आहे. आधी टाइप करायचा राहिला, मग दिवाळी आली, मग प्राचार्यांची बदली होणार अशी बोलवा उठली आणि नवे आल्यावर बघू असं मी स्वतःला सांगितलं. या काळात मी वर्गात गणित नीट शिकवायला लागलो. आता फळ्यावर दोन आकृत्या काढतो, प्रत्येकीखाली ती कुणाची आहे हे लिहितो. माझ्या जवळच्या मूळ प्रतीवर लाल शाईनं दुरुस्तीही केली. पण जिल्ह्यात चालतात त्या झेरॉक्स जुन्याच. त्यांच्यामागं कुठं कुठं धावणार, असं मी म्हणायचो. मी मुळात कुठंच धावलो नाही. माझ्या भिडस्तपणाला मी या सगळ्या काळात व्यवहार म्हणत होतो.

फेब्रुवारीत ती आली, टी.सी. काढायला. ऑफिसातलं काम आटोपून स्टाफरूमच्या दारात उभी राहिली. त्या वेळी मी एकटाच होतो. मी बैस म्हणालो, ती बसली नाही. हिवाळी परीक्षेचा मार्क मेमो तिनं पुढं केला. पन्नासपैकी चौतीस होते. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलो. आता पुढच्या वर्षी परभणीला पुन्हा यादीत नाव लागेल, मी स्वतः तिथल्या विभागप्रमुखांशी बोलतो, असं मी बोलत सुटलो. ती ऐकून घेत होती.

मग मी विचारलं, की पेपर कसा होता.

"नळीचं गणित आलं होतं," ती म्हणाली. "तेच आकडे."

तिनं काय लिहिलं, असं मी विचारलं.

"पोचतो म्हणून लिहिलं. तुमच्याच पायऱ्या. साडेचारशे, चारशे बत्तीस. पाचपैकी पाच दिले."

मग मी म्हणालो की चूक माझी आहे, तिनं ते मनाला लावून घेऊ नये, एम.एस्सी.ला गेली की असल्या नोट्सशी संबंधच येणार नाही.

"एम.एस्सी. न्हाई करायची सर आता. नर्सिंगचा फॉर्म भरलाय." मार्क मेमो तिनं घडी करून पर्समध्ये ठेवला. "आधी वाटलं होतं लिहिताना हात अडखळेल. न्हाई अडखळला. मग ह्या विषयात मी काय करणार."